आवाज नको, टोचणं नको: संवेदनशील मुलासाठी खेळणी निवडताना

मोठे आवाज सहन न होणाऱ्या आणि अंगाला काही टोचलेलं न चालणाऱ्या मुलासाठी खेळणं घ्यायला गेलं की दुकानदार हमखास टेडी बेअर काढून देतो. बॅटरी नाही, आवाज नाही, वर मऊसुद्धा. घरी आणल्यावर मूल त्याला एकदा हात लावतं, बोटं झटकतं आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. आईवडिलांना प्रश्न पडतो, आता याहून मऊ काय आणायचं?

टेडीची लव बहुतेक वेळा पॉलिस्टरची असते. तिचा प्रत्येक केस त्वचेला सुटासुटा आणि हलकाच लागतो. ज्या मुलांना स्पर्श जास्त जाणवतो, त्यांना घट्ट दाबापेक्षा असा हलका, गुदगुल्या करणारा स्पर्शच जास्त छळतो. तेच मूल गुळगुळीत लाकडी चेंडू मुठीत आवळून बराच वेळ बसू शकतं. आवाजाचंही तसंच. मिक्सर सुरू झाला की किंचाळणारं मूल स्वतः मात्र डबा बडवत बसतं, तेव्हा घरातल्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक नसतं. स्वतः केलेला आवाज कधी येणार, किती येणार आणि कधी थांबवायचा हे त्याच्या हातात असतं. मिक्सरचं तसं नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम अशा मुलांबरोबर चालतं. पालकांना मी पहिल्यांदा हेच सांगते की ‘शांत आणि मऊ’ एवढ्यावर खेळणं निवडू नका. तुमच्या मुलाला नेमका कोणता आवाज आणि कोणता स्पर्श नको आहे ते शोधा, मग दुकानात जा. पुढे सगळीकडे मी साडेचार वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण घेतलं आहे. तिला आपण इरा म्हणू. नाव खरं नाही, घरातले तपशीलही थोडे बदलले आहेत, पण अडचण अगदी नेहमीची आहे. आजीने हौसेने आणलेल्या स्टीलच्या भातुकलीला इरा हात लावत नव्हती. बाहुलीचे कपडे काढून ती फेकून द्यायची. ‘हिला खोटं खोटं खेळायला आवडतच नाही’ असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुकानात जाण्याआधी आठवडाभर बघा

एक वही ठेवा. मुलाने कान झाकले, हात मागे घेतला, कपडा ओढून काढला किंवा खोलीतून निघून गेलं की तिथे काय वाजलं किंवा काय लागलं ते लिहा. आवाज अचानक आला की आधी कळला होता, तो कोण करत होतं आणि मूल किती वेळाने सावरलं, हेही लिहा. याच्या जोडीला आणखी एक यादी करा, आणि माझ्या मते खरेदीसाठी तीच जास्त उपयोगी पडते: मूल आपण होऊन कशाकडे जातं? कोणत्या वस्तूला गाल लावतं, काय हातात घेऊन झोपतं, कुठे हात घालून बसतं?

इराच्या आईची वही साधारण अशी होती. कुकरची शिट्टी झाली की इरा कान झाकते, पण आजी आधीच ‘आता शिट्टी होणार हं’ म्हणाली तर दारात उभी राहून बघते. ओट्यावरून ताट पडलं तेव्हा खूप रडली आणि त्यानंतर संध्याकाळभर चिडचिड केली. पंखा, वॉशिंग मशीन, पाऊस यांचं काहीच वाटत नाही. फ्रॉकची जाळी पायाला लागली की तो लगेच काढते. कणकेला एकच बोट लावते आणि हात पुसायला धावते. तांदळाच्या डब्यात मात्र कोपरापर्यंत हात घालून बसते. आजीची जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी तोंडाशी धरून झोपते.

एवढ्यावरून पुष्कळ कळतं. तिला नको आहे तो अचानक येणारा, उंच पट्टीचा, धातूचा आवाज. सतत चालणारा खालच्या पट्टीचा आवाज चालतो, आधी सांगितलेला आवाजही निभावतो. स्पर्शात जाळी आणि चिकट ओलेपणा नको. कोरडा, हाताला चहूबाजूंनी दाबणारा स्पर्श हवा आहे आणि मऊ पडलेलं सूत तर फारच हवं आहे. म्हणजे पोरीला भातुकली नकोशी नव्हती. फरशीवर आपटणारं स्टील नकोसं होतं.

दोन मुलांच्या वह्या सहसा एकसारख्या निघत नाहीत. एखाद्याला पंख्याची घरघरच असह्य होते आणि टाळी चालते. एखाद्याला हाताला काहीही चालतं, पण चेहऱ्याला किंवा तळपायाला काही लागलेलं चालत नाही. म्हणून मैत्रिणीच्या मुलाला लागू पडलेलं खेळणं डोळे मिटून आणू नका.

ही पाहणी चालू असतानाच, आधी झाली नसेल तर कानांची तपासणी करून घ्या. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला ऐकू तर नक्की नीट येत असणार, असं आपण धरून चालतो. पण कानात झालेला संसर्ग किंवा साठलेलं पाणी यांमुळेही मुलं कान दाबतात, आणि ते खेळणी बदलून बरं होत नाही.

दुकानात: आवाज कसा पारखायचा

दुकानाच्या गोंगाटात कोणतंही खेळणं बेताचंच वाजतं. म्हणून सेल घालायला सांगा आणि खेळणं कोपऱ्यात, जमलं तर दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन ऐका. ऐकताना ते हात लांब करून धरू नका. लहान मूल आवडतं खेळणं तोंडासमोर, कधी थेट कानाला लावून धरतं. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ५० सेंटिमीटरवर ठीक वाटलेलं खेळणं साडेबारा सेंटिमीटरवर सुमारे १२ डेसिबल जास्त वाजतं, आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळपास दुप्पट आवाजासारखी वाटते. तेव्हा खेळणं स्वतःच्या कानापासून वीतभर अंतरावर धरून वाजवून बघा. तुमचाच चेहरा वाकडा झाला तर ते खाली ठेवा.

फोनवर आवाज मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा अगदी अचूक नसतो, कारण फोनचा माइक मोजमापासाठी बनवलेला नसतो. पण दोन खेळण्यांपैकी जास्त कोणतं वाजतं, एवढं त्यावरून बरं कळतं. दोन्ही खेळणी सारख्याच अंतरावर धरा म्हणजे झालं.

आवाज किती मोठा आहे याइतकंच तो सुरू आणि बंद कसा होतो हे महत्त्वाचं. बटण दाबताच पूर्ण जोरात सुरू होणारं गाणं, बंद करताना वाजणारी निरोपाची धून, आणि थोडा वेळ हात लावला नाही तर ‘चल, खेळूया!’ असं आपणहून ओरडणारं खेळणं ही तिन्ही इरासारख्या मुलांना नकोशी असतात. त्यांतलं तिसरं सगळ्यात वाईट. शेल्फवर गप्प ठेवलेली वस्तू कधीही ओरडू शकते असं एकदा कळलं की मूल त्या खोलीत जायलाच कचरतं. खोक्यात असताना बरीच खेळणी दुकानातल्या नमुन्यापुरत्या बेतावर ठेवलेली असतात, तेव्हा ती एखादाच छोटा आवाज करतात. म्हणून मागची कळ पूर्ण चालू स्थितीत सरकवून एकदा सगळं ऐका आणि मग खेळणं खाली ठेवून मिनिटभर थांबा. या मिनिटात ते आपणहून वाजलं तर घेऊ नका.

मी स्वतः आवाज करणारी खेळणी सरसकट वर्ज्य मानत नाही. आवाज कमी-जास्त करायची चकती असलेलं, मुलाने दाबलं तरच वाजणारं आणि सोडताच थांबणारं खेळणं अशा मुलाच्या फार कामाचं असतं, कारण आवाजावर ताबा ठेवण्याची सवय त्याला तिथे होते. छोट्या लाकडी झायलोफोनवर मूल जितक्या हळू हात चालवेल तितकाच हळू आवाज होतो, आणि हाताने फिरवायची छोटी संगीतपेटी हात थांबला की थांबते. झायलोफोन घेताना धातूच्या पट्ट्यांऐवजी लाकडी पट्ट्यांचा घ्या आणि काठीच्या टोकावर लोकरीचा किंवा रबराचा गोळा आहे ना ते बघा.

बॅटरीच्या खेळण्यांबद्दल सुरक्षिततेची एक गोष्ट सांगायलाच हवी. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणाराच हवा. नाण्यासारखा चपटा बटण सेल मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

आता बॅटरी नसलेल्या आवाजांकडे येऊ, कारण घरोघरी खरा त्रास तिथे होतो. आपल्याकडे घरात फरशी असते, भिंती कोऱ्या असतात आणि खोलीत गालिचे-पडदे बेताचेच. त्यामुळे आवाज शोषला जात नाही, घुमतो. लाकडी ठोकळ्यांचा खेळ शांत समजला जातो, पण प्लास्टिकच्या डब्यातून ते फरशीवर ओतले जातात तो क्षण घरातल्या कोणत्याही गाण्याच्या खेळण्याइतका कर्कश असू शकतो. यावर फार सोपा उपाय आहे. ठोकळे सुती पिशवीत ठेवा आणि खाली जुनी गोधडी पसरा. नव्या सतरंजीचे धागे अंगाला लागतात, धुऊन जुनी झालेली गोधडी तशी लागत नाही. गाड्या घ्यायच्या तर कडक प्लास्टिकच्या चाकांऐवजी रबरी टायरच्या घ्या. दाबल्यावर चूं करणारी रबरी बदकं, पोटात घुंगरू शिवलेले कापडी चेंडू आणि आतून चुरचुरणारी कापडी पुस्तकं वरून शांत दिसतात, म्हणून घेण्याआधी दाबून, हलवून, वाकवून बघा.

दुकानात: स्पर्श कसा पारखायचा

आपल्या तळहाताची कातडी जाड असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. खेळणं मनगटाच्या आतल्या बाजूवर आणि मग गालावर फिरवा. लव असलेलं असेल तर लवेच्या दिशेने आणि उलट्या दिशेने, दोन्हीकडून. जिथे उलट्या दिशेने खरखर जाणवते ते या मुलांसाठी नको.

लाकडी खेळण्यासाठी पिशवीत कापसाचा बोळा ठेवा. तो कडांवरून आणि भोकांच्या आतून फिरवायचा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे लाकूड नीट घासलेलं नाही. प्लास्टिकच्या खेळण्यात दोन भाग जिथे जोडलेले असतात तिथे एक बारीक उंच रेघ असते. तिच्यावरून नख नाही, ओठ फिरवून बघा. पुसलेलं खेळणं असेल तर संकोच करू नका. मूल शेवटी ते तोंडाजवळच नेणार असतं आणि ओठाला जे कळतं ते बोटाला कळत नाही.

बाहुल्यांमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: नायलॉनचे केस, कपड्यावरची टिकल्या-जरीची कडा, जाळीचा घेर, मानेमागची लेबलं आणि व्हेल्क्रो. व्हेल्क्रो तर दोन्हीकडून गैरसोयीचं आहे, त्याची आकड्यांची बाजू हाताला टोचते आणि उघडताना टर्रकन आवाज होतो. इरा बाहुलीचे कपडे काढून फेकायची त्याचं कारण हेच निघालं. कपडे काढताना तो आवाज यायचा, आणि त्याच भीतीने ती एकदाच जोरात ओढून सगळं दूर भिरकावून द्यायची.

मग चांगलं काय? इरासारख्या मुलांसाठी मला चन्नपट्टणची लाकडी खेळणी मनापासून आवडतात. कर्नाटकातल्या या गावातले कारागीर हलक्या रंगाचं, बारीक पोताचं लाकूड चरकावर फिरवत त्याला आकार देतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून त्यावर बसते, आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या झाडाचं पान दाबून तिला चमक आणतात. चरकावर झालेलं असल्याने त्या खेळण्याला कोपरे नसतात आणि लाखेमुळे लाकडाची शिरही हाताला लागत नाही. आपल्या सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं आणि भातुकलीही चांगली असते, फक्त तिथे प्रत्येक वस्तू स्वतः हाताळून घ्या, कारण हातकामात एखादा नग फार सफाईदार उतरतो आणि एखाद्याच्या बुडाशी खरबरीतपणा राहतो.

शिक्क्याबद्दल दोन शब्द. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून अस्सल चन्नपट्टण खेळण्यावर ते चिन्ह नसलं तर दचकू नका. इतर खेळण्यांवर ते जरूर बघा. मात्र त्या चिन्हाचा अर्थ खेळणं सुरक्षित असल्याचा आहे. तुमच्या मुलाला ते सोसेल का, हे त्यावरून कळत नाही.

‘सेन्सरी’ असं छापलेल्या खेळण्यांबाबत मी पालकांना नेहमी सावध करते. काट्याकाट्यांचे चेंडू, टपटप वाजणारे पॉप-इट, चिकट स्लाइम ही खेळणी बहुतेक करून जास्त स्पर्श, जास्त आवाज शोधणाऱ्या मुलांना रमवणारी आहेत. तुमचं मूल याच गोष्टी टाळतं. एकाच मुलात दोन्ही कल असू शकतात, इराला आवाज नको पण झोका मात्र तासभर हवा. म्हणून पुन्हा वहीकडेच या.

घरी आणल्यावर आधी मोठ्यांचं काम

खोकं मुलासमोर उघडू नका. थर्मोकोल घासल्याचा आवाज, चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आणि कडक प्लास्टिकची कडकड यांनी नव्या खेळण्याची पहिली ओळखच बिघडते. मूल शाळेत किंवा झोपेत असताना ते उघडा, सेल घाला, आवाज सगळ्यात कमी करा.

कापडी वस्तू दोनदा धुवा. नव्या कापडात खळ असते, ती गेली की निम्मी खरखर जाते. साबण बिनवासाचा घ्या, कारण स्पर्शाला हळवी असलेली काही मुलं वासालाही तितकीच हळवी असतात. वाळल्यावर हाताने चोळून कापड मोकळं करा. लेबल कात्रीने कापू नका, त्याचं उरलेलं टोक आधीपेक्षा जास्त टोचतं. शिवणीचे तीन-चार टाके उसवून ते मुळापासून काढा आणि जागा पुन्हा शिवा. व्हेल्क्रो उसवून तिथे टिचबटण लावा, तेही घट्ट, कारण सुटलेलं टिचबटण लहान मूल गिळू शकतं. न रंगवलेल्या लाकडी खेळण्याची खरबरीत कड २२० नंबरच्या काचपेपरने घासून ओल्या फडक्याने पुसता येते. रंग दिलेलं खेळणं मात्र घासू नका, रंगाची पूड आणि पापुद्रे मुलाच्या तोंडात जातात.

भेट आलेलं एखादं खेळणं चांगलं आहे पण फार वाजतं, असं झालं तर स्पीकरच्या भोकांवर आतून किंवा बाहेरून चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. उंच पट्टीचा आवाज त्याने बराच मंदावतो. पट्टीची कड सुटत नाही ना हे अधूनमधून बघा. सेल काढून तेच खेळणं मुकं वापरायलाही हरकत नाही. कित्येक मुलांना वाजणाऱ्या गाडीपेक्षा न वाजणारी तीच गाडी आवडते.

इराच्या घरी झालं ते असं. स्टीलची भातुकली कपाटात गेली आणि लाकडी पोळपाट-लाटणं, दोन वाट्या आणि एक लाकडी पळी एवढंच गोधडीवर मांडलं. पूर्ण संच एकदम मांडला नाही, कारण चार वस्तू एकमेकींवर कमी आपटतात. बाहुली नवी शिवली, आजीच्या त्याच जुन्या साडीची, आत घट्ट भरलेला कापूस, केस कापडाच्याच चिंध्यांचे, आणि फ्रॉकला दोन मोठी टिचबटणं. बाहुलीत कापूस सैल न भरता घट्ट भरला तो मुद्दाम, कवटाळल्यावर अंगाला दाब जाणवावा म्हणून.

मुलाच्या हाती देताना

नवं खेळणं दोन-तीन दिवस नुसतं नजरेसमोर असू द्या. ‘बघ ना, हात तर लाव’ असं म्हणू नका. शेजारी बसून तुम्ही खेळा आणि मुलाला बघू द्या. आवाजाचं खेळणं असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, ‘आता वाजणार, एक, दोन, तीन’ असं म्हणून एकदाच वाजवा आणि बंद करा. मूल जवळ आलं की बटण त्याच्या हाती द्या. त्याचं बोट धरून बटण कधीही दाबू नका. आवाजावरचा ताबा हीच त्याची गरज आहे आणि तोच आपण त्याच्याकडून काढून घेतो.

नव्या स्पर्शासाठी मधे काहीतरी वस्तू ठेवा. इराला कणीक नको होती, पण भातुकलीत पोळ्या तर लाटायच्या होत्या. तिच्यासाठी घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा आधी जाड पारदर्शक झिपच्या पिशवीत बंद केला. पिशवीवरून ती तो दाबायची, चपटा करायची, हात कोरडे राहायचे. मग पिशवीतून काढलेल्या गोळ्यावर कोरडं पीठ भुरभुरून लाटण्याने लाटणं. मग लाकडी पळीने तुकडे करणं. बोटं लागली ती सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही शेजारी कोरडं सुती फडकं ठेवलेलं होतं. हात पुसायची मुभा आहे हे ठाऊक असलं की मूल जास्त वेळ टिकतं, हे मी पुष्कळ मुलांत बघितलं आहे. यातल्या एकेका पायरीला काही दिवस लागू शकतात, कधी काही आठवडे. प्लास्टिकची पिशवी मात्र मोठ्यांच्या देखरेखीतच वापरायची.

थांबायचं कधी, हे रडण्याच्या आधी कळतं. खांदे कानांकडे चढतात, बोटं ताठ फाकतात, पायांची बोटं आत वळतात, पापण्या भराभर लवतात. काही मुलं एकदम गप्प होतात आणि काही उगाच मोठमोठ्याने हसायला लागतात. ते हसणं आनंदाचं समजून आपण खेळ पुढे रेटतो, तिथे जपा. यांतलं काही दिसलं की खेळणं काही न बोलता बाजूला ठेवा आणि मुलाला जमत असेल तर घट्ट मिठी, झोका, उशीखाली दबून बसणं अशा त्याच्या आवडीच्या गोष्टीकडे वळवा. उशी तोंडावर येणार नाही याकडे लक्ष असू द्या. काही मुलांना दिवसभर सोसलेल्याचा त्रास संध्याकाळी होतो. सकाळी खेळ छान झाला आणि रात्री जेवताना भोकाड पसरलं, तर दोन्हीची नोंद वहीत शेजारी शेजारी करा.

नातेवाईक, वाढदिवस, जत्रा

भेटी देणाऱ्यांना ‘आवाजाचं काही आणू नका’ एवढंच सांगितलं की ते नाराज होतात किंवा मग टेडी आणतात. त्यापेक्षा काय आणावं ते नावानिशी सांगा. इराच्या आईने आत्याला पाठवलेला मेसेज मला आवडला, तो तिच्या परवानगीने देते: ‘आत्या, इराच्या वाढदिवसाला तुम्ही येताय याचा खूप आनंद झाला. तिला तुमच्याकडून लाकडी भातुकलीतली चूल आणि कढई हवी आहे, गुळगुळीत रंगाची. सेलवर चालणारं आणि लव असलेलं खेळणं तिला सध्या सोसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय. आणि केक कापताना आपण टाळ्या न वाजवता हात हलवूया, चालेल ना?’ आत्यांनी चूल आणली आणि फुग्यांऐवजी कागदी माळा लावायचंही स्वतःच सुचवलं.

जत्रेत पिपाणी, दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल आणि गणपतीत ताशा यांतून पूर्ण सुटका नाही. तेवढ्या वेळापुरते कान झाकणारे हेडफोन जरूर वापरा. घरात दिवसभर ते घालून ठेवू नका, कारण सतत शांततेत राहिलं की साधे आवाजही हळूहळू मोठे वाटू लागतात. पिस्तुलाऐवजी टॉर्च द्या. अंधारात भिंतीवर सावल्या पाडण्यात मुलं रमतात आणि बाहेरच्या फटाक्यांकडचं लक्षही थोडं कमी होतं.

खेळण्याने सुटत नाही तेव्हा

केस कापणं, आंघोळ, दात घासणं, जेवणातले पदार्थ, शाळेचा गणवेश यांतही रोज झगडा होत असेल, मूल घराबाहेर पडायला घाबरत असेल किंवा बोलणं-मिसळणं याबाबतही शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टची चिठ्ठी घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतात, तिथे तपासणी विनामूल्य होते. कानांच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जाताना ती वही बरोबर न्या. तासाभराच्या भेटीत मूल जे दाखवत नाही ते तिच्यात असतं.

आणि बाजूला ठेवलेली खेळणी फेकू नका. तीन-चार महिन्यांनी एकेक वस्तू पुन्हा काढून बघा, सगळ्यात कमी त्रासाची आधी. इराच्या कपाटातून पहिल्यांदा बाहेर आली ती स्टीलची एक छोटी वाटी, तीही तांदूळ भरून, म्हणजे वाजायला जागाच नको. वाटी हाताला गार आणि गुळगुळीत लागते हे तिला आवडलं. पुढच्या आठवड्यात तांदूळ निम्मे केले आणि चमचा लाकडीच ठेवला. झाकण अजून कपाटातच आहे.